डब्याला पाणी सुटतं, पोळी ओली होते, मायक्रोवेव्हला वास येतो: फ्रिज नसलेल्या ऑफिसच्या डब्याची दुरुस्ती

तक्रार बहुतेकांची एकच असते. सकाळी सातला डबा भरला तेव्हा पोळ्या मऊ होत्या आणि भाजी सुकी होती. दीड वाजता उघडला तर खालची पोळी ओलसर झालेली असते, भाजीच्या तळाला पाणी दिसतं, आणि तीच भाजी गरम केली की पॅन्ट्रीभर वास पसरतो. दुसऱ्या दिवशी भाजी बदलली तरी तेच. ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात कामाला जाणाऱ्यांचा डबा भरल्यापासून उघडेपर्यंत सहा-साडेसहा तास बंद असतो. त्यातला पहिला दीड तास तर ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत आणि शेअर रिक्षात जातो. ऑफिसात फ्रिज नाही, आणि सगळ्या मजल्याला मिळून मायक्रोवेव्ह एकच.

पदार्थ बदलत राहिल्याने हा प्रश्न सुटत नाही. डब्यातलं पाणी कुठून आलं हे आधी कळायला हवं. ते तीन वाटांनी येतं आणि तिन्हींची खूण वेगळी असते.

आधी झाकण उलटं करून बघा

दुपारी डबा उघडताना झाकण सरळ वर न उचलता हळूच उलटं करा आणि आतल्या बाजूला बोट फिरवा. झाकणाला थेंब असतील तर अन्न गरम असताना डबा बंद झालाय. वाफ वर गेली, थंड स्टीलला लागून तिचं पाणी झालं आणि ते पुन्हा पोळीवर टपकलं. अशा वेळी वरची पोळी सगळ्यात जास्त ओली असते, मधल्या पोळ्या बऱ्या असतात.

झाकण कोरडं, पण भाजीच्या कप्प्यात तळाला पाणी, तर ते पाणी भाजीचंच आहे. शिजवताना ती पुरती कोरडी झाली नाही आणि पुढे सहा तास मिठाने तिच्यातलं पाणी ओढून काढलं. पोळी मधोमध ठीक, पण एकाच कडेला ओली आणि पिवळी झालेली असेल, तर भाजीचा ओघळ तिकडे गेलाय. म्हणजे कप्पा नीट बंद होत नाही किंवा झाकणाच्या रबराची रिंग सैल झाली आहे.

माझ्या बाजूच्या टेबलावर बसणारी मैत्रीण चरईहून महाप्याला येते. रोजच्या ओल्या पोळीला ती इतकी कंटाळली होती की डबा सोडून खालच्या टपरीवर वडापाव खायचं तिने ठरवून टाकलं होतं. तिच्या डब्याचं झाकण आम्ही दोघींनी उलटं करून बघितलं तर थेंबच थेंब. "अगं, पण मी तर पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळते, वर पुन्हा डबा घट्ट लावते, मग पाणी शिरतं कुठून?" तिचा प्रश्न बरोबर होता. पाणी बाहेरून शिरतच नव्हतं. तव्यावरून उतरलेली पोळी फॉइलमध्ये गेली की तिची वाफ तिच्याच अंगावर बसते.

पोळी गार करणं

पोळी तव्यावरून काढली की तिच्यातून निदान पाच-सात मिनिटं जोरात वाफ निघते. ताटात ठेवली तर वरची बाजू सुकते आणि खालची घामेजते. त्यामुळे ताटाऐवजी जाळी वापरा. केक गार करायची जाळी असेल तर उत्तम, नसेल तर चाळण उलटी ठेवली तरी चालते. दोन्ही बाजूंनी हवा लागली पाहिजे, एवढंच. पोळ्या एकावर एक न रचता एकमेकींवर थोड्या चढवून पसरायच्या आणि दहा मिनिटं पंख्याखाली ठेवायच्या. हाताच्या मागच्या बाजूला लावून कोमट लागली की तूप किंवा तेल लावा. तुपाचा पातळ थर बाहेरची वाफ पोळीत मुरू देत नाही आणि आतला ओलावाही धरून ठेवतो, म्हणून ती दुपारपर्यंत मऊ राहते. हे तूप गरम पोळीला लावलं तर ते सगळं आत शोषलं जातं आणि वर थर राहत नाही.

मग फॉइलऐवजी सुती फडकं. जुन्या धोतराचं किंवा पंचाचं धुतलेलं कापड सगळ्यात चांगलं, कारण नवं कापड पाणी पटकन शोषत नाही. पोळ्यांच्या खाली एक घडी, वर एक घडी. उरलीसुरली वाफ कापडात जाते. कापड रोज धुवून कडक उन्हात किंवा इस्त्री मारून वाळवायचं. पावसाळ्यात ते अर्धवट ओलं राहिलं तर त्याचाच कुबट वास पोळीला लागतो, म्हणून त्या दिवसांत चार-पाच कापडं फिरती ठेवावीत.

मैत्रिणीने एवढंच केलं. भाजी तीच, डबा तोच. झाकण कोरडं झालं.

सकाळच्या गडबडीत ही दहा मिनिटं कुठून काढायची, हा खरा प्रश्न आहे. मी पोळ्या आधी करते आणि भाजी नंतर. भाजी होईपर्यंत पोळ्या गार होतात. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो, कारण घरी जेवायला बसताना पोळी गरम हवी असते. डब्याला तो नियम लागू नाही.

घडीच्या पोळीऐवजी दशमी नेऊन बघा. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, मीठ आणि थोडं तेल घालायचं. पूर्वी लांबच्या प्रवासाला दशम्याच बरोबर असत आणि त्याचं कारण डब्यालाही लागू पडतं: दुधातल्या स्निग्धतेमुळे ती गार झाली तरी चामट होत नाही. गरम करायचीही गरज नसते.

भाजीतलं पाणी: पीठ पेरा

दुसऱ्या खुणेवर, म्हणजे तळाला सुटणाऱ्या पाण्यावर, आपल्याकडे जुना आणि पक्का उपाय आहे, तो म्हणजे पीठ पेरलेली भाजी. बेसन भाजीतलं पाणी स्वतःत घेतं आणि शिजलं की ते सोडत नाही. डब्यात पुढे भाजीला जे पाणी सुटतं तेही बेसनाच्या कणांतच मुरतं. शेंगदाण्याचं कूट आणि भाजलेल्या तिळाचं कूट हेच काम करतात, पण बेसनाइतकं नाही.

ढोबळी मिरचीची पीठ पेरून भाजी दोन डब्यांसाठी अशी करते. ढोबळी मिरची पाव किलो, म्हणजे मध्यम आकाराच्या तीन. चार टेबलस्पून बेसन, दोन टेबलस्पून तेल, दोन टेबलस्पून दाण्याचं कूट, पाव चमचा हळद, एक चमचा तिखट, पाऊण चमचा मीठ, चिमूटभर साखर, फोडणीला मोहरी आणि जिरं.

मिरच्या धुवून रात्रीच पुसून ठेवायच्या. सकाळी धुतल्या तर देठाजवळच्या खळग्यात पाणी राहतं आणि ते थेट कढईत येतं. आतल्या बिया आणि पांढरा गर काढून टाका. त्या गरात पाणी जास्त असतं आणि चवीला तो काही देत नाही. बेसन आधी कोरडंच मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजून बाजूला ठेवा. भाजल्याचा खमंग वास आला पाहिजे, रंग मात्र फारसा बदलायला नको. या पायरीमुळे पुढे भाजी झाकून वाफवायची वेळ निम्म्यावर येते, आणि आपल्याला वाफच तर टाळायची आहे.

लोखंडी कढई असेल तर तीच घ्या. फोडणी झाली की हळद, मग मिरची, आणि मोठ्या आचेवर झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटं परता. मीठ अजून घालू नका. आधी घातलं तर मिरचीला कढईतच पाणी सुटतं आणि ती परतली न जाता उकडली जाते. कडा किंचित भाजल्यासारख्या दिसल्या की तिखट, मीठ, साखर घाला आणि लगेच बेसन तीन वेळा विभागून पेरा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आत कच्चं पीठ राहतं. दोन मिनिटं झाकण ठेवा, मग काढा आणि कूट घालून आणखी तीन-चार मिनिटं उघडी परता.

झाली की नाही हे असं बघायचं: भाजी उलथन्याने एका बाजूला सारा आणि मोकळ्या झालेल्या कढईच्या तळाकडे बघा. तिथे ओलसर चमक दिसली तर अजून दोन मिनिटं लागतील. तळ कोरडा, फक्त तेलाचा डाग, आणि बेसनाचा दाणा सुटा असेल तर गॅस बंद. मग भाजी कढईतच सोडून देऊ नका. परातीत पसरा, पंधरा मिनिटांत ती कोमट होते. खोलगट भांड्यात तीच भाजी तासभर गरम राहते आणि तेवढा वेळ घामेजत राहते.

याच पद्धतीने पडवळ, दोडका आणि मेथीही होते. पण दोडक्याला पाणी फार, त्याला बेसन दीडपट घ्यावं लागतं आणि तरीही पावसाळ्यात भरवसा नाही. मी दोडका डब्यात नेत नाही.

भेंडीचा प्रश्न वेगळा आहे. भेंडीचा चिकटपणा पाण्याबरोबर सुटतो, म्हणून ती पूर्ण कोरडी असतानाच चिरायची, जाड चकत्या ठेवायच्या, झाकण अजिबात ठेवायचं नाही आणि शेवटी आमचूर किंवा दोन आमसुलं घालायची. आंबटाने तार कमी होते. अशी भेंडी गार खाल्ली तरी चांगली लागते, आणि डब्याच्या भाजीची हीच परीक्षा आहे: मायक्रोवेव्ह बंद पडला तरी ती खाता आली पाहिजे. तोंडली, फरसबी, सुरणाचे काप, बटाट्याची काचऱ्या भाजी, कोथिंबीर वडी, थालीपीठ या परीक्षेत पास होतात. टोमॅटो घालून केलेली कोणतीही भाजी, दुधी, पालक आणि पातळ उसळ होत नाहीत. टोमॅटोचा आंबटपणा हवा असेल तर आमचूर किंवा चिंचेचा घट्ट कोळ वापरा.

वासाचं काय

पॅन्ट्रीत वास येतो तो बहुतेक वेळा गरम करताना येतो. गार असताना त्याच भाजीचा वास डब्यापुरता असतो. उष्णतेने वासाचे कण हवेत जातात आणि बंद पॅन्ट्रीत, एसीच्या फिरत्या हवेत, ते मजल्यावर पसरतात. त्यामुळे काय न्यायचं यापेक्षा काय गरम करायचं हा प्रश्न आधी सोडवला तर अर्धं काम होतं.

कोबी, फ्लॉवर आणि मुळा यांच्यात गंधकाची संयुगं असतात आणि भाजी जितकी जास्त शिजते तितकी ती जास्त सुटतात. सकाळी एकदा शिजलेला कोबी दुपारी पुन्हा तापवला की तो दर्प दुप्पट होतो. ही भाजी न्यायचीच असेल तर कोबी बारीक चिरून, वरून फोडणी घालून कच्चा नेता येतो, पण मीठ आणि लिंबू वेगळं न्या आणि जेवताना घाला, नाहीतर पुन्हा पाणी. कच्चा कांदा आणि कच्चा लसूणही असेच. लसणाची सुकी चटणी छोट्या स्टीलच्या डबीत वेगळी न्यावी आणि ती गरम करायची नाही. शेपू मला मनापासून आवडतो, पण तो रविवारी घरी खावा. अंडाकरी आणि अंड्याची भुर्जीही त्यातच. उकडलेलं अख्खं अंडं तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवूच नये, आत कोंडलेल्या वाफेने ते फुटतं. कधीकधी ते बाहेर काढल्यावर, दातांखाली फुटतं आणि तोंड भाजतं.

मासे आणि सुकटाबद्दल थोडं स्पष्ट लिहिते, कारण या विषयावर ऑफिसात उगाच कटुता येते. मासे खाणं हा काही गुन्हा नाही आणि कुणी कुणाच्या डब्याला नावं ठेवू नयेत. मी मासे फ्रिजशिवाय नेऊ नका म्हणते ते वासासाठी नाही. बांगडा, सुरमई, कुपा यांच्यासारखे मासे उबेत राहिले की जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा तयार झालं की ते पुन्हा शिजवून, तळून किंवा गरम करूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात आणि आयुष्यभर मासा सोडतात. मासे न्यायचेच असतील तर बर्फाची सोय हवी, ती पुढे सांगते.

मायक्रोवेव्हमध्ये आधीच्याचा वास बसलेला असेल तर त्यावर उपाय सोपा आहे. एका बाऊलमध्ये वाटीभर पाणी आणि अर्ध्या लिंबाच्या फोडी घालून तीन मिनिटं चालवा, मग पाच मिनिटं दार बंदच ठेवा. आतल्या भिंतीवर वाफ बसते आणि वाळलेले शिंतोडे मऊ होतात, ते ओल्या कपड्याने पुसून घ्या. वास शिंतोड्यांत असतो, म्हणून नुसतं लिंबाचं पाणी फिरवून पुसलं नाही तर दुसऱ्या दिवशी वास परत येतो. बाऊल बाहेर काढताना जपून, पाणी उकळत असतं. आणि सगळ्यांनी भाजीवर बशी झाकून गरम केलं तर ही वेळ महिन्यातून एखादवेळीच येते.

रांगेत उभं राहून काय गरम करायचं

पोळी गरम करू नये असं माझं मत आहे. मायक्रोवेव्ह पोळीतल्या पाण्यालाच तापवतो, ते वाफ होऊन निघून जातं, आणि दोन मिनिटांत पोळी चिवट होते. अगदी हवीच असेल तर पेपर नॅपकिन पाण्याने किंचित ओला करून त्यात गुंडाळा, एका पोळीला दहा-पंधरा सेकंद द्या आणि लगेच खा.

भाजीसाठी स्टीलचा डबा आत चालत नाही, आणि तेलकट गरम भाजी पातळ प्लॅस्टिकला वितळवते किंवा त्याचा वास घेते. त्यामुळे एक चिनी मातीचा बाऊल ड्रॉवरमध्ये कायम ठेवा. भाजी बाऊलमध्ये मधोमध ढीग करून ठेवली तर कडा उकळतात आणि मध्य गारच राहतो. कडेकडेने गोल पसरा, मध्ये बोटभर जागा मोकळी सोडा, वर बशी झाका. साधारण दीडशे ग्रॅम सुक्या भाजीला आठशे वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट पुरतं. त्यातलं अर्धं मिनिट झाल्यावर एकदा हलवायची. काढल्यावर बशी लगेच काढू नका, तीस सेकंद थांबा, उष्णता आतवर पोचते. मागे रांग असली तरी एका मिनिटात काम होतं.

किती तास चालतं, आणि कुठे थांबायचं

शिजवलेल्या अन्नासाठी 5 ते 60 अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा मानतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा आहे की नाशवंत अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बाहेर 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपला डबा रोज हा नियम मोडतो, हे स्वच्छ डोळ्यांनी बघितलेलं बरं. कोरडी, तेलात परतलेली, आंबट किंवा खारट वस्तू या वेळात त्यातल्या त्यात टिकते, कारण जिवाणूंना लागणारं मोकळं पाणी त्यात कमी असतं. म्हणजे पोळी ओली न होऊ देण्याचे जे उपाय, तेच बऱ्याच अंशी अन्न न नासू देण्याचेही आहेत.

भाताची गोष्ट इथे वेगळी काढावी लागते. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे, बॅसिलस सीरियसचे, बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष मायक्रोवेव्हच्या उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणून "गरम केला की झालं" हे भाताला लागू पडत नाही. सकाळी केलेला भात न्यायचा तर तो मोकळा शिजवून, परातीत पसरून लवकर गार करा, त्यावर लिंबू किंवा चिंचेची फोडणी द्या आणि दुपारी सगळा संपवा. रात्रीचा उरलेला भात फोडणी देऊन डब्यात नेऊ नका, तो रात्रीच फ्रिजमध्ये ठेवला असेल तरच सकाळी घरी नाश्त्याला खा. एप्रिल-मेमध्ये मी डब्यात भात देतच नाही. तोच नियम ओल्या नारळाला. ओलं खोबरं पेरलेली भाजी उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते, म्हणून त्या दिवसांत सुकं खोबरं भाजून वापरा.

नासल्याची खूण म्हणजे उघडताना फुस्स आवाज, भाजीवर बारीक बुडबुडे, चमच्याला तार, किंवा नसलेला आंबटपणा. यातलं एकही दिसलं तर चव घेऊन बघू नका, टाकून द्या. पण भाताच्या बाबतीत यातलं काहीही न दिसता तो बाधू शकतो, म्हणून भाताला नाकाचा भरवसा नको.

ऑफिसला पोचल्यावर डबा पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हच्या वर किंवा शेजारी ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. ती जागा मजल्यावरची सगळ्यात गरम जागा आहे. त्याऐवजी डबा बॅगेतून काढून आपल्याच टेबलावर, एसीची हवा लागेल असा ठेवा. बॅगेत प्रवासातली ऊब तशीच कोंडून राहते.

दही, पनीर किंवा मासे न्यायचेच असतील तर थर्मल बॅग आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेला जेल पॅक लागेल. जेल पॅक डब्याच्या वर ठेवायचा, कारण गार हवा खाली उतरते, आणि त्याला नॅपकिन गुंडाळायचा, नाहीतर त्याचं पाणी पोळीत उतरेल. स्वस्तात हवं तर ताकाची छोटी बाटली पाऊण भरून रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. बर्फ झालेलं ताक बॅगेत डब्याला गार ठेवतं आणि जेवायच्या वेळेला वितळून प्यायला तयार असतं. बाटली काठोकाठ भरली तर गोठताना फुटते. जेवताना पॅक हाताला अजून गार लागला तर डबा ठीक आहे. पूर्ण कोमट झाला असेल तर पनीर आणि मासे खाऊ नका.

ड्रॉवरमध्ये ठेवायचा उपमा

डबा बिघडला, विसरला किंवा गर्दीत उलटा झाला त्या दिवसासाठी एक सुकी सोय ठेवते, तिला फ्रिज लागतच नाही. दोन वाट्या जाड रवा कोरडाच मंद आचेवर दहा मिनिटं भाजा. वेगळ्या कढल्यात चार टेबलस्पून तेलात मोहरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीचे तुकडे घाला. कढीपत्ता हाताने चुरला जाईल इतका कुरकुरीत झाला पाहिजे, मऊ राहिला तर त्यातल्या ओलाव्याने सगळी बाटली खराब होते. कांदा आणि ओली मिरची याच कारणाने नाही. रव्यात फोडणी, मीठ, चमचाभर साखर आणि अर्धा चमचा आमचूर मिसळा, पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बाटलीत भरा.

ऑफिसात बाऊलमध्ये अर्धी वाटी मिश्रण आणि एक वाटी पाणी, डिस्पेन्सरचं सगळ्यात गरम. ढवळून बशी झाका, पाच मिनिटं तसंच ठेवा. रवा पाणी पिऊन फुगला की मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट, हलवा, पुन्हा अर्धं मिनिट. घट्ट वाटला तर दोन चमचे पाणी आणखी. बाऊल खोलगट घ्या, उपमा उकळून वर येतो. बाटली एरवी महिनाभर चांगली राहते, पावसाळ्यात पंधरा दिवसांत संपवा, आणि प्रत्येक वेळी कोरडाच चमचा घाला.